क्लोंडाइक सॉलिटेअर: एकेक पान उलटताना आणि तीन-तीन उलटताना खेळ का बदलतो, आणि आधी कोणती चाल करावी

फोनवर किंवा संगणकावर सॉलिटेअर उघडलं की सेटिंगमध्ये Draw 1 आणि Draw 3 असे दोन पर्याय दिसतात. सात रांगा, वरची चार घरं, लाल-काळं आलटून पालटून उतरतं लावणं, रिकाम्या जागी फक्त राजा, हे सगळं दोन्हींत सारखं. फरक एवढाच की गड्डीतून एका वेळी एक पान उलटायचं की तीन. तरी Draw 1 वर सहज जिंकणारा माणूस Draw 3 वर वारंवार अडकतो, आणि पत्तेच वाईट आले अशी त्याची समजूत होते. बहुतेक वेळा दोष पत्त्यांचा नसतो. तीन-तीन उलटताना गड्डीचं गणित वेगळं चालतं आणि त्याला साजेशा चाली केल्या गेलेल्या नसतात.

आधी आकडे पाहू. स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठातले चार्ली ब्लेक आणि इयन गेंट यांनी २०१९ मध्ये या खेळाचा मोठा अभ्यास मांडला. गड्डी कितीही वेळा फिरवायची मुभा असेल आणि सगळी उलटी पानं माहीत आहेत असं धरलं, तर तीन-तीनच्या खेळात सुमारे ८२ टक्के डाव सुटू शकतात. एकेकच्या खेळात हे प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास जातं.

पण हे डाव ‘सुटू शकतात’, ‘सुटतात’ असं नाही. २००५ च्या एका संशोधनात, ज्यात गणितज्ञ पर्सी डायकोनिस सहभागी होते, एका जाणत्या खेळाडूच्या दोन हजार डावांची नोंद दिली आहे. त्याला सगळी पानं दिसत होती, प्रत्येक डावाला तो सरासरी वीस मिनिटं देत होता, तरी त्याने जिंकलेले डाव ३६.६ टक्के होते. उलटी पानं न पाहता तीन-तीनचा खेळ खेळणारा संगणकही २००९ च्या एका अभ्यासात ३५ टक्क्यांच्या थोडा पुढे गेला, तेव्हा ती मोठी मजल मानली गेली. म्हणजे तीनपैकी एक डाव जिंकत असाल, तर तुमचा खेळ चांगला आहे.

फरक नेमका कुठून येतो

सुरुवातीला सात रांगांत २८ पानं असतात, त्यातली २१ उलटी. उरलेली २४ गड्डीत. एकेक उलटताना आणि हव्या तितक्या फेऱ्या असताना या चोवीसांपैकी कुठलंही पान कधीही हाती येतं. ती गड्डी नावालाच झाकलेली. एक फेरी पूर्ण झाली की ती समोर पसरून ठेवल्यासारखीच असते. मग डाव अडतो तो फक्त रांगांमुळे. उदाहरणार्थ, एखाद्या रांगेत वर चौकट सात आहे आणि त्याच रांगेत त्याच्याखाली दोन्ही काळे आठ आणि चौकटचं एखादं लहान पान दबलं आहे. सात हलवायला काळा आठ हवा किंवा घरात चौकट सहापर्यंत पोचायला हवी, आणि दोन्ही वाटा त्याच साताखाली गाडलेल्या. असा डाव कोणालाच सुटत नाही.

तीन-तीनमध्ये या अडचणी आहेतच, त्यांत गड्डीची भर पडते. गड्डीतल्या पानांना १ ते २४ क्रमांक द्या. तीन पानं एकत्र उलटली की वर तिसरं येतं. पहिल्या फेरीत ३, ६, ९, १२, १५, १८, २१ आणि २४ एवढीच आठ पानं वर येतात. बाकीची सोळा त्यांच्याखाली. यातलं एकही पान उचललं नाही तर दुसऱ्या फेरीतही तीच आठ, तिसऱ्या फेरीतही तीच. गड्डी कितीही फिरवा, नवं काही येणार नाही.

तीन-तीनमध्ये जिंकलेला प्रत्येक डाव एकेकमध्येही तसाच जिंकता येतो, कारण एकेक करत तीन पानं उलटून तिसरं घ्यायला कोणी अडवत नाही. उलट दिशेने मात्र हे खरं नाही. म्हणून एकेकचं प्रमाण जास्तच असणार. तरीही दरी आठ-नऊ टक्क्यांचीच राहते, कारण गड्डीतलं एखादं पान उचललं की तीनांची जुळणी सरकते आणि दबलेली पानं वर येऊ लागतात. ही सरक नीट वापरणं हेच तीन-तीनचं खरं कसब.

सरक कशी चालते

नियम तीन. पहिला: पान उचललं की त्याच्या लगेच खालचं पान मोकळं होतं. नऊ क्रमांकाचं घेतलं तर आठवा वर येतो, आठवाही लावता आला तर सातवा. दुसरा: चालू फेरीत पुढच्या तिकड्या बदलत नाहीत. नववं घेतल्यावर पुढे १०-११-१२ च उलटतात आणि बारावंच वर येतं. तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा: पुढच्या फेरीत, उचललेल्या पानाच्या आधीची पानं होती तिथेच राहतात आणि नंतरची सगळी एका जागेने सरकतात.

म्हणजे फक्त नववं पान घेतलं, तर पुढच्या फेरीत ३ आणि ६ तसेच दिसतील, पण त्यानंतर ९-१२-१५ ऐवजी १०, १३, १६, १९, २२ वर येतील आणि शेवटी दोनच पानं उरल्यामुळे २४. दोन पानं घेतली तर नंतरची दोन जागा सरकतात. तीन घेतली तर फिरून मूळ जागेवर येतात, जणू काही झालंच नाही.

यातून एक सोपी सवय लावता येते. गड्डीच्या शेवटाकडची पानं घेतल्याने आधीच्या पानांना धक्का लागत नाही. सुरुवातीकडचं एक पान घेतलं की मागची जवळजवळ सगळी गड्डी बदलते. ओळखीची पानं जागेवर टिकवायची असतील तेव्हा शेवटाकडची आधी घ्या. अडकला असाल आणि गड्डी हलवायची असेल तेव्हा सुरुवातीकडचं घ्या.

एक डाव हातात घेऊन पाहू

सात रांगांची वरची पानं डावीकडून अशी आहेत, कंसात खाली दबलेली उलटी पानं: बदाम गुलाम (०), इस्पिक सहा (१), चौकट आठ (२), किलवर चार (३), बदाम नऊ (४), इस्पिक राणी (५), चौकट सात (६).

रांगांतल्या रांगांत दोन चाली लगेच दिसतात. इस्पिक सहा चौकट सातावर जातो आणि एक उलटं पान उघडतं. ही चाल चांगली. दुसरी, बदाम गुलाम इस्पिक राणीवर. हिचा मोह होतो कारण पहिली रांग रिकामी होते. पण गुलामाखाली उलटं पान नाही, त्यामुळे नवं काही दिसत नाही, आणि रिकाम्या जागी ठेवायला राजाही समोर नाही. ही चाल नंतर केव्हाही करता येईल, म्हणून ती थांबू द्या.

आता एकही पान न घेता गड्डी पूर्ण फिरवा. तीन-तीनमध्ये पहिली फेरी फक्त पाहण्यासाठी, ही माझी पक्की शिफारस आहे. बहुतेक अ‍ॅपमध्ये उलटलेली तीन पानं थोडी पसरून दिसतात, त्यामुळे दबलेलीही वाचता येतात. समजा दिसलं असं: तिसरं किलवर आठ, अकरावं इस्पिक एक्का, बारावं किलवर दहा, पंधरावं बदाम तिर्री, अठरावं चौकट राणी, चोविसावं बदाम राजा. बाकीची सध्या बिनकामाची.

दुसऱ्या फेरीत खेळू. पहिल्या तिकडीत किलवर आठ वर आला. तो पाचव्या रांगेतल्या बदाम नवावर लावा, आणि सातव्या रांगेतली चौकट सात-इस्पिक सहा ही जोडी उचलून त्या आठावर ठेवा. सहा उलटी पानं असलेली रांग उघडायला लागली. या चालीपायीच आपण गड्डीतलं पान घेतलं.

चौथ्या तिकडीत किलवर दहा येतो. तो पहिल्या रांगेतल्या बदाम गुलामावर. लगेच नऊ-आठ-सात-सहा ही अख्खी साखळी पाचव्या रांगेतून उचलून दहावर. पाचव्या रांगेचं उलटं पान उघडलं. दहाखालचा इस्पिक एक्का मोकळा झाला, तो वरच्या घरात.

पुढे पाचव्या तिकडीत बदाम तिर्री. ती चौथ्या रांगेतल्या किलवर चारवर बसते. बसते म्हणून बसवू नका. तिने एकही उलटं पान उघडत नाही, उलट तीन उलटी पानं असलेल्या रांगेवर आणखी एक ओझं येतं. तीन-तीनमध्ये तिची आणखी एक किंमत आहे, तिच्याकडे पुढे येऊ.

शेवटच्या तिकडीत बदाम राजा. आता थांबवून ठेवलेली चाल करायची वेळ आली. गुलामापासून सहापर्यंतची साखळी इस्पिक राणीवर, पहिली रांग रिकामी, तिथे बदाम राजा, आणि राणीसकट सगळी साखळी राजावर. सहाव्या रांगेतलं उलटं पान उघडलं. एकवीसांपैकी चार उलटी पानं उघडली आणि गड्डीतून गेली चारच: ३, ११, १२ आणि २४.

समजा सहाव्या रांगेत इस्पिक राजा निघाला. आता चौकट राणीला, म्हणजे अठराव्या पानाला, जागा झाली. पुढच्या फेरीत ती मिळेल का? तिच्या आधीची ३, ११, १२ अशी नेमकी तीन पानं गेली आहेत, म्हणून तिची जागा हललेली नाही. नव्या तिकड्या मोजून पाहा: १-२-४, ५-६-७, ८-९-१०, १३-१४-१५, १६-१७-१८. राणी वर आहे. शिवाय ४ आणि ७ ही पूर्वी कधी वर न आलेली पानंही वर आली. बदाम तिर्री मघाशी बसवली असती तर चौथी तिकडी १३-१४-१६ आणि पाचवी १७-१८-१९ झाली असती, आणि राणी एकोणिसाव्याखाली दबली असती. तिर्रीची दुसरी किंमत ही.

हाच डाव एकेक उलटून खेळलात तर तिर्री घेणं ही फक्त रांगेची चूक ठरते. राणी केव्हाही मिळतेच.

चालींचा प्राधान्यक्रम

दोन्ही प्रकारांत लागू पडणारं आधी सांगतो. रांगांतले एक्के आणि दुर्र्या दिसताक्षणी वर न्या. दुर्रीवर फक्त एक्का बसू शकतो आणि एक्क्याची जागा वरच आहे, म्हणून दुर्री खाली ठेवून काही फायदा नाही. त्यानंतर उलटं पान उघडणारी चाल. अशा दोन चाली असतील तर जास्त उलटी पानं असलेली रांग निवडा. सहाव्या आणि सातव्या रांगेत मिळून अकरा उलटी पानं असतात, म्हणजे एकूण उलट्यांपैकी निम्म्याहून अधिक. त्या शेवटपर्यंत तशाच राहिल्या की डाव हातचा जातो. एकाच जागेवर गड्डीतलंही पान लावता येत असेल आणि रांगेतलंही, उदाहरणार्थ लाल सातावर ठेवायला एक काळा सहा गड्डीत आणि दुसरा रांगेत, तर रांगेतला घ्या.

जी चाल उलटं पान उघडत नाही, घरात काही पोचवत नाही आणि पुढच्या एखाद्या ठरलेल्या चालीची वाट मोकळी करत नाही, ती करू नका. रांग रिकामी करणं याच चाळणीतून तपासा. राजा हाताशी असेल तरच रांग रिकामी करायची. दोन राजे असतील तर रंग बघून निवडा. कुठल्या राजावर बसणारी राणी आणि तिच्यावरचा गुलाम आधीच दिसतो आहे, तो राजा आधी.

तिर्रीपासून पुढची पानं वर पाठवताना थोडं सावध राहा. इस्पिक सात वर न्यायचा असेल तर बदाम आणि चौकट दोन्ही घरं किमान पाचपर्यंत आलेली असावीत, कारण मग लाल सहांना साताचा आधार लागत नाही, ते थेट वर जाऊ शकतात. पूर्ण खात्री हवी असेल तर ती सहापर्यंत येऊ द्या. एकच घर घाईने दहापर्यंत नेलं आणि बाकीची तिर्रीवर राहिली, तर रांगांमध्ये पानं टेकायला जागाच उरत नाही. अनेक अ‍ॅप पानं आपोआप वर पाठवतात. ती सोय बंद ठेवलेली बरी.

आता एकेकसाठी वेगळं. तिथे गड्डीतलं पान पळून जात नाही, म्हणून गड्डीला हात लावण्याआधी रांगांतल्या सगळ्या कामाच्या चाली संपवा. एकेक खेळणारे हरतात ते बहुधा गड्डीतलं प्रत्येक बसणारं पान बसवत गेल्यामुळे. रांगा लांबतात, उलटी पानं तिथेच राहतात. गड्डीतलं पान घेताना त्याने पुढच्या चालीत कुठलं उलटं पान उघडेल हे सांगता आलं पाहिजे. नसेल सांगता येत, तर ते गड्डीतच सुरक्षित आहे.

तीन-तीनमध्ये हाच प्रश्न विचारायचा, आणि जोडीला दुसरा: हे पान घेतल्याने मागचं काय सरकेल? पहिल्या फेरीत हवी असलेली चार-पाच पानं हेरून ठेवा आणि प्रत्येक पान घेताना त्यांच्या आधीची किती गेली ते मोजा. तीन गेली की जागा तीच, एक-दोन गेली की बदलली. चोवीसच्या चोवीस पानं पाठ करायची गरज नाही. हवं असलेलं पान तिकडीत कितवं आहे, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरतं. तिकडीत मधलं असेल तर त्याच्या आधीची दोन पानं जायला हवीत किंवा वरचं एक. तिकडीत पहिलं असेल तर त्याच्या आधीचं एकच गेलं तरी ते वर येतं.

याच कारणाने तीन-तीनमध्ये गड्डीतला एक्कासुद्धा कधीकधी एक फेरी थांबवता येतो. तो घेतल्याने मागचं हवं असलेलं पान दबणार असेल तर आधी ते मागचं घ्या. एक्का पुढच्या फेरीत त्याच जागी मिळेल, कारण त्याच्या आधीचं काही गेलेलं नाही.

अडकलात हे कसं ओळखायचं आणि मग काय करायचं

तीन-तीनमध्ये एक पूर्ण फेरी गेली, गड्डीतलं एकही पान घेतलं नाही आणि रांगांतही काही हललं नाही, तर पुढची फेरी हुबेहूब तशीच असणार. आणखी फिरवत बसू नका. तीन गोष्टी तपासा. एक, गड्डीच्या सुरुवातीकडचं एखादं पान, ज्याचा स्वतःचा काही उपयोग नाही, ते कुठे बसतं का? इथे मात्र ते बसवणं बरोबर, कारण मागची सगळी पानं सरकतात. दोन, वरच्या घरातलं एखादं पान रांगेत परत आणता येतं का? बहुतेक अ‍ॅपमध्ये तशी मुभा असते. लाल सहा खाली आणला, त्यावर गड्डीतला काळा पाच बसला, की गड्डी हलली. तीन, एखादी साखळी मधून तोडून दुसऱ्या रांगेत नेली तर उघडं पडणारं पान वर जाऊ शकतं का? तिन्हींचं उत्तर नाही असेल तर तो डाव बहुधा संपला आहे.

शेवटाकडेही दोन्ही प्रकार वेगळे वागतात. एकेकमध्ये सगळी उलटी पानं उघडली आणि फेऱ्यांवर मर्यादा नसेल, तर विजय ठरलेलाच. उरलेल्यांतलं सर्वांत लहान पान एकतर कुठल्या तरी रांगेच्या टोकाला असतं किंवा गड्डीत, आणि दोन्हीकडून ते थेट वर जातं. तीन-तीनमध्ये ही हमी नाही. ते लहान पान गड्डीत दुसऱ्या पानाखाली दबलेलं राहू शकतं. म्हणून तिथे रांगा उघडत असतानाच गड्डीही बारीक करत राहावी लागते, आणि शेवटच्या सात-आठ पानांचा क्रम तर कागदावर लिहून ठेवण्याजोगा असतो.

फेऱ्या मोजून मिळत असतील, जशा व्हेगास पद्धतीत तीन-तीनला तीन आणि एकेकला एकच, तर वरचे काही सल्ले उलटतात. तीन-तीनमध्ये फक्त पाहण्यासाठी फेरी खर्च करणं तेव्हा महाग पडतं, म्हणून पहिल्याच फेरीपासून उपयोगी पान घ्यावं. आणि एकच फेरी असलेल्या एकेकमध्ये पान गड्डीत सुरक्षित आहे असं म्हणता येत नाही. त्याच्यावर पुढची पानं साचत जातात आणि ती उचलली गेल्याशिवाय ते परत मिळत नाही. तिथे जरा सढळ हाताने घ्यावं, विशेषतः लहान पानं आणि राजे.